भावाखालची ओळ

सेलूच्या सराफा गल्लीत दुकानं बरीच आहेत, पण माणसं वाचायला थांबत ती फक्त भगवानरावांच्या दुकानापुढं. सोन्याचा भाव काय कुठंही कळतो, आता तर म्हशीच्या मागं चालणाऱ्या माणसाच्या खिशातही तो असतो. भगवानरावांच्या काळ्या पाटीवर मात्र भावाखाली आणखी एक ओळ असे. वर भाव, खाली कारण. हा दस्तूर भगवानरावांच्या वडिलांनी घातला. गिऱ्हाईक रोज येऊन "आज कामून वाढलं हो?" विचारायचं आणि उत्तर देता देता त्यांचा चहा गार व्हायचा, म्हणून.

ती ओळ गेली अकरा वर्षं दिनकरराव लिहीत होते. दिनकरराव दुकानाचे मुनीम. अक्षर मोत्यासारखं, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि स्वभाव असा की चार आण्याचा फरक निघाला तरी जेवण गोड लागायचं नाही. साडेदहाच्या सुमारास सराफ असोसिएशनचा भाव मोबाईलवर येई. तो चोवीस कॅरेटचा, तोळ्याचा, म्हणजे दहा ग्रॅमचा. ही पहिली ओळ जशीच्या तशी उतरवायची, तिच्यात मुनिमाचं काही नव्हतं. दुसरी ओळ मात्र त्यांची स्वतःची. 'डॉलर वधारला.' 'लग्नसराईची मागणी.' 'परदेशात तणाव.' खडू हातात घेऊन ते क्षणभर गल्लीच्या तोंडाकडं बघत, जणू कारण तिकडूनच चालत येणार आहे, आणि मग लिहीत. रोज संध्याकाळी पाटी पुसण्याआधी दोन्ही ओळी एका डायरीत उतरवून ठेवत. का ठेवत, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. लिहिलेलं वाया जाऊ नये, एवढंच.

ही कारणं येत कुठून, हे विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. बहुतेक वेळा पेपरातून. आणि पेपरात कुठून, तर तिथं एक गंमत होती. नागेश नावाचा एक तरुण वार्ताहर संध्याकाळी फोन करायचा, काका, सोनं आज का वाढलं. दिनकरराव कुलूप लावता लावता तोंडाला येईल ते सांगायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं, 'सराफा बाजारातील जाणकारांच्या मते'. ते वाचून दिनकररावांना वाटायचं, बघा, मोठमोठ्या जाणकारांचंही आपल्यासारखंच मत आहे. आणि ते कारण, आता छापील झालेलं, पुन्हा पाटीवर चढायचं. आपलाच रुपया गल्लीला वळसा घालून आपल्याच गल्ल्यात परत यावा आणि आपण तो नफ्यात धरावा, तसला हा कारभार. पण पाच पैशांची चूक पकडणाऱ्या माणसाला अकरा वर्षांत तो दिसला नाही.

दिसला तो एका बुधवारी, आणि तोही दुसऱ्याच एका चुकीमुळं.

मंगळवारी सोनं तोळ्यामागं साडेआठशेनं चढलं होतं. दिनकररावांनी खाली लिहिलं होतं, 'युद्धाची भीती. सोन्याकडे धाव. आणखी तेजी.' बुधवारी भाव आला तो सातशेनं उतरलेला. त्यांनी पहिली ओळ पुसली, नवा भाव लिहिला, आणि दुसरीला ओलं फडकं लावणार तेवढ्यात जोडवी मोडायला आलेल्या बायका आत शिरल्या. जोडव्यांचं वजन, मग त्यातली एक हलकी का भरली यावर वाद, मग चहा. दुसरी ओळ तशीच राहिली. वर सातशेची घसरण, खाली 'सोन्याकडे धाव. आणखी तेजी.'

दिवसभरात पन्नास तरी माणसांनी ती पाटी वाचली. एकानंही चूक काढली नाही. 'आणखी तेजी' हे शब्द उन्हानं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्यांनी दुपारपर्यंत पुसट झाले होते, हे खरं. पण युद्ध ठळक होतं. कापसाच्या जिनिंगवरचा एक दलाल तर काउंटरवर कोपर टेकवून दिनकररावांना समजावून गेला की बरोबर आहे, युद्ध म्हटल्यावर माणूस रोकडा हातात ठेवतो, सोनं विकतो, म्हणून उतरलं. काल हाच दलाल म्हणाला होता, युद्ध म्हटल्यावर माणूस रोकड्यावर भरवसा ठेवत नाही, सोनं घेतो, म्हणून चढलं. दोन्ही दिवशी आवाज तेवढाच ठाम आणि मान तेवढीच डोलत होती.

संध्याकाळी डायरीत उतरवताना दिनकररावांच्या ते लक्षात आलं. ते पाटीसमोर उभेच राहिले. भगवानरावांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, मुनीमजी, मग रोज पुसायचे कष्ट कशाला करता, एकदाच पक्क्या रंगानं लिहून टाकू. दिनकरराव हसले नाहीत. त्यांना आठवलं, मंगळवारी ती ओळ कुणीतरी मोठ्यानं वाचली होती. दोनदा.

वाचली होती निकितानं, आणि ऐकली होती तिच्या आईनं, नर्मदाबाईनं.

नर्मदाबाई बोरीकडची. घरात शेळ्यामेंढ्यांचं खांड. कापूस वेचून झाला की दरवर्षी खांड घेऊन ती माणसं सेलूच्या शिवारात येत. रानात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत, मेंढरांना पाला, आणि वर थोडं धान्य. नवरा मुंजाजी खांडामागं, व्यवहार नर्मदाबाईकडं. निकिता बारावी झालेली, हिशोबाला चोख, आणि ईदेनंतर आठ दिवसांनी तिचं लग्न ठरलेलं. मुलाकडच्यांनी काही मागितलं नव्हतं. नर्मदाबाईनंच मनाशी धरलं होतं, पोरीच्या अंगावर तीन तोळे घालायचे. तिच्या स्वतःच्या लग्नात पितळेवर मुलामा होता आणि तो सासरी पहिल्याच आठवड्यात उडाला, ही गोष्ट ती हसत सांगायची, पण दर वेळी सांगायची.

तीन तोळ्यांपैकी दीड तोळ्याचा पैसा साठला होता. उरलेल्या दीड तोळ्यासाठी चौदा बोकड राखून ठेवले होते. बकरी ईद जवळ आली की बोकडाला भाव येतो, हे काही कुणाला पाटीवर लिहून सांगावं लागत नाही, दरवर्षी येतो. तोपर्यंत थांबायचं ठरलं होतं.

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मायलेकी पायरीवर येऊन बसल्या होत्या. नर्मदाबाईनं पदराच्या गाठीतून पैसे काढायला सुरुवात केली आणि काढता काढता सांगितलं की हे दीड तोळ्याचे आहेत, बाकीचे परवा आणते. खाटकाचा दलाल उद्या येणार आहे. अठरा गाभण शेळ्या द्यायच्या ठरवल्यात, आठ हजारांनी.

दिनकररावांनी चष्मा वर सरकवला. गाभण शेळ्या कोण विकतं? महिन्याभरात वितील. आणि आठ हजार तर रिकाम्या शेळीचेही नव्हेत.

"ठाऊक हाय मला," नर्मदाबाई म्हणाली. "पण बोकडं अजून लहान हायती, आता कोन घील? आन तुमीच लिवलंय की, युद्ध हाय, सोनं अजून चढनार. ईदीपस्तोर थांबले तर दीड तोळ्याच्या पैशात एक तोळाबी यायचा न्हाई."

दिनकररावांनी मनात हिशोब केला. अठरा शेळ्या म्हणजे त्या घराचं पुढच्या वर्षाचं मीठ-मिरची, आणि ती त्यांच्या खडूच्या एका ओळीवर विकली जात होती. ती ओळही त्यांनी मंगळवारी घाईत लिहिली होती, कारण चहावाला उभा होता.

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. म्हणाले, ते कारण काही खरं नसतं, बाई. भाव आधी येतो, कारण मागून शोधतो आम्ही. शेळ्या विकू नका.

नर्मदाबाईनं पैसे पुन्हा गाठीत बांधले. हळूच, पण पक्के. तिच्या नजरेतला बदल दिनकररावांना दिसला. सराफ जेव्हा गिऱ्हाइकाला म्हणतो, आज घेऊ नको, तेव्हा त्यात काहीतरी असतंच, हे तिनं वीस वर्षांच्या व्यवहारात शिकून ठेवलेलं होतं.

"म्हंजी चढनारच हाय," ती लेकीला म्हणाली. "म्हनून थांब म्हनायलेत. महाग झाल्यावर द्यायचं हाय त्यांना."

तेवढ्यात भगवानराव आले. त्यांना सगळं कळल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. अकरा वर्षांत मुनिमाची थाप सगळ्यांनी खरी मानली, आणि आज तो खरं बोलतोय तर थाप वाटायलीय, असं ते निकिताला म्हणाले. निकिताला हसू आलं. पण दिनकररावांच्या कपाळावरचा घाम बघून तिनं ते आवरलं. तिनं विचारलं, काका, तुम्ही म्हणता ते दाखवता येईल का? नुसतं म्हणू नका.

दिनकरराव उठले आणि डायरी घेऊन आले.

डावीकडं भाव, उजवीकडं कारण. निकितानं पानं चाळली, आणि मग तिच्या मनात जे आलं ते अकरा वर्षांत मुनिमाच्या मनात आलं नव्हतं. तिनं डावीकडचं पान तळहातानं झाकलं आणि डायरी स्वतःकडं वळवून धरली. म्हणाली, काका, मी कारण वाचते, तुम्ही सांगा त्या दिवशी चढलं की उतरलं. तुमचंच लिहिलेलं आहे, तुम्हाला तर यायलाच पाहिजे.

भगवानरावांनी कपाटातून गुंजांची डबी काढली. पूर्वी सोनं तोलायला वापरायचे त्या लालकाळ्या बिया, आता नुसत्या शोभेला. त्या नर्मदाबाईच्या पुढं ठेवल्या. बरोबर आलं की उजवीकडं एक गुंज, चुकलं की डावीकडं.

"'डॉलर मजबूत'," निकितानं वाचलं.

दिनकरराव विचार करून म्हणाले, उतरलं. डॉलर मजबूत झाला की बाहेर सोनं स्वस्त होतं.

"चढलं, काका. तीनशेनं."

हो, हो, दिनकरराव म्हणाले, तेही होतं, डॉलर मजबूत म्हणजे रुपया कमजोर, आपल्याला बाहेरचं सोनं महाग पडतं. नर्मदाबाईनं डावीकडं गुंज ठेवली.

'लग्नसराईची मागणी.' दिनकरराव म्हणाले चढलं, आणि बरोबर निघालं. 'शेअर बाजारात तेजी.' ते म्हणाले उतरलं, चढलं होतं. 'व्याजदराबाबत अनिश्चितता' या ओळीवर त्यांनी बराच वेळ घेतला, कारण ती त्यांना आपल्या उत्तम ओळींपैकी वाटत असे, आणि ती चुकली. एका ठिकाणी निकिता म्हणाली, हे नको, यात 'नफावसुली' लिहिलंय, उत्तर आतच आहे. दिनकररावांनी मान हलवली. उतरलं की नफावसुली म्हणायचं असतं, ते म्हणाले. मग त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं. ते कारण नव्हतंच. घसरणीचंच दुसरं नाव होतं, जरा शिकलेलं.

वीस ओळी झाल्या. भगवानरावांना राहवलं नाही, बाजूला व्हा म्हणाले, तीन पिढ्यांचा धंदा आहे आमचा. त्यांनी दहा ओळींना उत्तरं दिली, एकेक अशा झोकात की गल्लीत ऐकू जावं. पाच बरोबर आल्या, पाच चुकल्या. ते परत जाऊन आपल्या गादीवर बसले आणि पेपर तोंडापुढं धरला.

नर्मदाबाईनं मुनिमाच्या गुंजा मोजल्या. उजवीकडं नऊ. डावीकडं अकरा.

"नाणं उडवलं असतं तर दहा आल्या असत्या," निकिता म्हणाली. पण हळू म्हणाली, कारण दिनकरराव डायरीकडं असे बघत होते, जशी ती त्यांची नाहीच.

नर्मदाबाई मात्र वेगळ्याच विचारात होती. तिनं दोन्हीकडच्या गुंजा एकत्र केल्या, डबीत भरल्या आणि पदरानं बोटं पुसली.

"आमच्यात राती मेंढरं बुजतात," ती म्हणाली. "एकदम उठतात, वाघुरीचं जाळं तोडून पळतात. सकाळी समदी मानसं गोळा हुतात. कुनी म्हनतं लांडगा आला, कुनी म्हनतं साप, कुनी म्हनतं ट्रकचा उजेड पडला. समद्यायला ठाऊक असतं. मी एकच इचारते, मंग राती जागं कामून न्हाई केलं मला? आधी ठाऊक असतं तर वाघूर दोन पदरी बांधली असती की."

दिनकररावांनी मान वर केली.

"लांडगा येतच न्हाई असं न्हाई," ती पुढं म्हणाली. "कंदी कंदी येतो. तवा पायाचा ठसा असतो."

असा ठसा असलेला दिवस दिनकररावांना आठवत होता. सरकारनं आयात शुल्क कमी केलं होतं तेव्हा. ते आधी जाहीर झालं, सगळ्यांनी ऐकलं, आणि मग भाव हजारांनी उतरला. त्या दिवसाचं कारण खरं होतं. डायरीत ते नीट लिहिलेलंही होतं. पण त्याच्या मागंपुढं शेकडो पानं अशी होती, की ज्यांत दोनशे-चारशेच्या हालचालीला त्यांनी कुठून कुठून लांडगे आणून बांधले होते.

मग नर्मदाबाईनं सरळच विचारलं की तुम्हाला ठाऊक काय आहे ते सांगा. जे ठाऊक नाही ते सोडून.

हा प्रश्न दिनकररावांना अकरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी सांगितलं, की सोन्याला बाहेरच्या बाजारात डॉलरमध्ये एक भाव असतो. त्याचे रुपये होतात, त्यावर शुल्क चढतं, तो आपला भाव. त्यावर आमची मजुरी आणि सरकारचे तीन टक्के. हे सगळं मला कागदावर मांडून दाखवता येतं. पण तो बाहेरचा भाव आज का हलला, हे लाखो माणसांनी कुणी काय घेतलं, कुणी काय विकलं यावर असतं, आणि त्या सगळ्यांना विचारून कुणी आलेलं नसतं. युद्धानं सोनं चढतंही. पण उद्या चढेल का, हे मला ठाऊक नाही. पेपराला ठाऊक नाही. ईदेपर्यंत चढेलही आणि उतरेलही. शेळ्या विकू नका म्हणतो ते सोनं उतरेल म्हणून नाही. शेळ्या वितील हे ठाऊक आहे, आणि ईदेला बोकड महाग जातो हे ठाऊक आहे, म्हणून.

"आन चढलं तर?"

"चढलं तर तोळ्यामागं चार पैसे जास्त जातील. आज आहेत तेवढ्या पैशांचं आज घ्या. बाकीचं बोकड विकल्यावर. अर्धं या भावानं, अर्धं त्या भावानं. शहाणपणा म्हणून नाही सांगत, बाई. उद्याचं दिसत नाही म्हणून सांगतोय."

नर्मदाबाईनं पदराची गाठ सोडली. दीड तोळ्याची पोत पसंत केली, वजन काट्यावर नीट बघून घेतलं, हॉलमार्कचा शिक्का निकिताकडून भिंगातून वाचून घेतला, आणि मग मजुरीवर आली. मुनिमाच्या नऊ गुंजांची आठवण तिनं मजुरी कमी करून घेताना दोनदा दिली. भगवानराव पेपराआडून म्हणाले, द्या, द्या, आज दुकान त्यांचंच आहे.

खाटकाचा दलाल शुक्रवारी वस्तीवर गेला आणि रिकाम्या टेम्पोनं परत आला. हे दिनकररावांना कळलं ते शनिवारी, बाजारात, खुद्द दलालाकडूनच. तो चिडून सांगत होता की त्या बाईला कुणीतरी फितवलं. दिनकरराव कांदे निवडत राहिले.

पाटीचं काय करायचं, यावर मालक-मुनिमात दोन दिवस खल झाला. भगवानरावांचं म्हणणं, लोक ती ओळ वाचायलाच थांबतात, आणि थांबलेला माणूस आत येतो. दिनकररावांचं म्हणणं, ओळ राहू द्या, पण तिच्यात ठाऊक असलेलंच लिहू. शेवटी ठरलं की खाली महिन्यापूर्वीचा भाव, वर्षापूर्वीचा भाव आणि तोळ्याची मजुरी लिहायची. पहिले आठ दिवस गल्लीला ते आळणी लागलं. जिनिंगवरचा दलाल रोज विचारायचा, पण कारण काय, मुनीमजी? दिनकरराव सांगायचे, ठाऊक नाही. तो म्हणायचा, असं कसं, आणि मग स्वतःच एक सांगून जायचा.

नागेशचा फोन आला तेव्हाही ते तेच म्हणाले. मग नागेश म्हणाला, "काका, 'ठाऊक नाही' हे छापता येत नाही ना. मला सातपर्यंत चौकट भरून द्यायची असते." दिनकरराव म्हणाले, मग नुसता भाव छाप, किती वाढला तेवढं. कारण दिलंसच तर ते कुणी, कधी सांगितलं तेही दे, भाव बदलायच्या आधी की नंतर. नागेश हसला. पण पुढच्या आठवड्यात एकदा पेपरात आलं, 'दरवाढीचे नेमके कारण स्पष्ट होऊ शकले नाही.' दिनकररावांनी ती बातमी दोनदा वाचली. त्यांना ती त्या पानावरची सर्वांत प्रामाणिक ओळ वाटली, आणि तिच्या खाली 'जाणकारांच्या मते' नव्हतं याचं थोडं वाईटही वाटलं. अकरा वर्षांची सवय होती.

मधल्या दिवसांत सोनं चढलं, उतरलं, परत चढलं. दिनकरराव रोज सकाळी भाव लिहिताना दीड तोळ्याचा हिशोब मनात करत. कोणाला सांगत नसत. लग्नाच्या दहा दिवस आधी भाव त्या गुरुवारपेक्षा तोळ्यामागं एकवीसशेनं वर होता. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाले, उकाडा आहे.

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई, निकिता आणि या वेळी मुंजाजीही, अशी तिघं आली. मुंजाजी पायरीवरच बसला, गार पाणी प्याला, आणि दुकानातल्या पंख्याकडं कौतुकानं बघत राहिला. दिनकररावांनी आपणहूनच विषय काढला. म्हणाले, बाई, एकवीसशेनं चढलंय. तुमचे दीड तोळ्यामागं तीन हजार दीडशे जास्त जायलेत. तेव्हा घेतलं असतं तर...

"निकिता, सांग त्यायला," नर्मदाबाई म्हणाली.

निकितानं वहीचा एक कागद काढला. चौदा बोकड. त्या गुरुवारी कुणी सात हजारांच्या वर द्यायला तयार नव्हतं. ईदेच्या बाजारात साडेअकरानं गेले. बोकडामागं साडेचार हजार, चौदांचे त्रेसष्ट हजार. त्यातून तीन हजार दीडशे वजा. आणि अठरा शेळ्या खुंट्याला. त्यातल्या सतरा व्याल्या, एक गाभडली. करडं सत्तावीस, दोन गेली, पंचवीस राहिली. हे शेवटचं वाचताना निकिताचा आवाज जरा चढला, कारण त्यातली एक जुळी तिनं स्वतः बाटलीनं दूध पाजून जगवली होती.

दिनकररावांनी कागद हातात घेतला. बेरीज तपासली. बरोबर होती. त्यांच्या छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि ते उतरल्यावर त्यांना थोडा मान घ्यावासा वाटला. म्हणाले, म्हणजे मी सांगितलं ते बरंच झालं म्हणायचं.

नर्मदाबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं ती चुकीच्या कळपात शिरलेल्या मेंढराकडं बघत असेल.

"सोनं चढलं त्यात तुमचा दोष न्हाई," ती म्हणाली. "आन उतरलं असतं तरी म्या तुमाला शाब्बासकी दिली नसती. त्या दिवशी जे ठाऊक हुतं, त्याच्यावर ठरवलं. ते बराबर हुतं. आता तुमी त्येला मागून कारन लावू नका."

भगवानराव गादीवर मोठ्यानं हसले. मुंजाजीला कळलं नाही, पण सगळे हसतायत म्हणून तोही हसला. दिनकरराव हसले सगळ्यांत शेवटी, आणि सगळ्यांत जास्त वेळ.

दीड तोळ्यात दोन बांगड्या बसत होत्या, नाही तर एक गळ्यातलं. नर्मदाबाईचा जीव गळ्यातल्यावर होता. पण निर्णय निकिताचा, असं तीच म्हणाली, आणि म्हणताना तोंड फिरवून बसली, म्हणजे तिचा चेहरा वाचून पोरीनं निवडायला नको. निकितानं बांगड्या घेतल्या. करडांना पाजताना गळ्यातलं मधे येतं, म्हणाली. लग्नानंतरही पाजणार आहेस का, मुंजाजीनं विचारलं. तिच्या सासरी शेळ्या नव्हत्या. निकिता म्हणाली, पाच करडं मी घेऊन जाणार आहे, आईला विचारलंय. नर्मदाबाईनं असं काही विचारल्याचं आठवत नसल्याचा चेहरा केला, पण नाही म्हणाली नाही.

दिनकररावांनी बांगड्या काट्यावर ठेवल्या. आकडा स्थिर होईपर्यंत सगळे काट्याकडं बघत होते. बरोबर पंधरा ग्रॅम निघेना, चौदा पूर्णांक नऊ निघाले. तेवढ्याचेच पैसे लावले, पावती केली. निकितानं त्या हातात चढवल्या आणि हात लांब धरून बघितला. उन्हानं रापलेल्या मनगटावर त्या जरा परक्या दिसत होत्या. दोन दिवसांत रुळतील, भगवानराव म्हणाले.

काढून डबीत ठेव, आई म्हणाली. निकितानं काढल्या नाहीत.

बाहेर उन्हं कलली होती. मुंजाजी उठून उभा राहिला. लग्नाला यायचं, मालकानंही आणि मुनिमानंही, असं त्यानं सांगितलं, आणि जेवणाची वेळही सांगितली, कारण दुकानातली माणसं वेळेला येत नाहीत असा त्याचा अनुभव होता. नर्मदाबाई आधीच पायरीखाली उतरून ऑटो थांबवत होती.

"चला बिगीबिगी," ती आत बघून म्हणाली. "करडं बांधून आलाव. भुकेनं बोंबलत असतील."